लंडन ते सिडनी: नऊ, दहा की अकरा तास? उलट दिशेने फिरणाऱ्या घड्याळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन आणि सिडनीच्या घड्याळांत किती तासांचा फरक आहे, असं विचारलं तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात. दोन्ही शहरं वर्षातून दोनदा घड्याळ एका तासाने पुढेमागे करतात, म्हणून तारीख कोणती, हे कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. खालची बरीचशी उत्तरं याच एका जोडीवर बेतली आहेत, कारण ही जोडी नीट समजली की बाकीच्या जोड्या सोडवायला वेगळं काही लागत नाही. तारखा 2026 च्या घेतल्या आहेत.

उत्तरेकडचे देश घड्याळ पुढे करतात त्याच सुमारास दक्षिणेकडचे मागे का घेतात?

नियम खरं तर दोघांचा एकच आहे. आपापल्याकडे वसंत लागला की घड्याळ एक तास पुढे करायचं आणि शरदात तो तास परत घ्यायचा. पुढे केलेली ती उन्हाळी वेळ, एरवीची ती प्रमाणवेळ. उलटे आहेत ते ऋतू. पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिण. लंडनचा दिवस जूनच्या अखेरीस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरात आठ तासांच्याही आत येतो. सिडनी विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहे, त्यामुळे तिथे चढउतार कमी, पण दिशा बरोबर उलटी: डिसेंबरात साडेचौदा तासांच्या आसपास आणि जूनमध्ये दहाच्या जरा आत.

घड्याळ पुढे करण्यामागचा हिशोब असा, की उन्हाळ्यात पहाटे लोक झोपेत असताना जो उजेड पडतो तो संध्याकाळकडे सरकवावा. सिडनीत घड्याळ पुढे केलं नाही तर डिसेंबरमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचच्या आधीच उगवेल. पुढे केल्यामुळे तो पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि रात्री आठनंतर मावळतो. उजेड एका मिनिटानेही वाढत नाही, फक्त दिवसाच्या कोणत्या टोकाला तो वापरायचा ते बदलतं. हे फायद्याचं आहे की नाही यावर शंभर वर्षं वाद चालू आहे आणि तो इथे मिटणार नाही.

ही कल्पना युरोपातून दक्षिणेकडे गेली असं अनेकांना वाटतं. पण न्यूझीलंडचे कीटकअभ्यासक जॉर्ज हडसन यांनी 1895 मध्येच वेलिंग्टनच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे असा प्रस्ताव मांडला होता, तोही एक नव्हे तर दोन तासांचा. नोकरीच्या पाळीनंतर उरणारा उजेड किडे गोळा करायला किती उपयोगी पडतो, हे ते अनुभवाने जाणत होते. ब्रिटनमध्ये विल्यम विलेट यांची पुस्तिका आली ती 1907 मध्ये.

घड्याळ तर एकाच तासाने सरकतं. मग दोन देशांतला फरक दोन तासांनी कसा बदलतो?

कारण एक घड्याळ पुढे जातं आणि दुसरं मागे येतं. दोन घड्याळं एकाच दिशेने एकेक तास सरकली तर त्यांच्यातला फरक होता तेवढाच राहतो. लंडन आणि बर्लिनचं तसंच आहे: दोन्ही शहरं एकाच क्षणी बदलतात, म्हणून बर्लिन वर्षभर लंडनच्या एक तास पुढे असतं. एक घड्याळ सरकलं आणि दुसरं जागेवर राहिलं तर फरक एका तासाने बदलतो. दोन्ही विरुद्ध दिशांना सरकली तर दोन तासांनी.

यूटीसी या न बदलणाऱ्या वेळेशी तुलना केली की चित्र लगेच स्पष्ट होतं. लंडन हिवाळ्यात यूटीसीवर असतं आणि उन्हाळ्यात एक तास पुढे. सिडनी आपल्या हिवाळ्यात यूटीसीच्या दहा तास पुढे असते आणि उन्हाळ्यात अकरा. आता जुलै घ्या: लंडन 1, सिडनी 10, म्हणजे फरक नऊ तास. जानेवारी घ्या: लंडन 0, सिडनी 11, म्हणजे अकरा.

2026 मध्ये लंडन आणि सिडनीचा फरक कधी कधी बदलतो?

वर्ष सुरू होतं ते अकरा तासांच्या फरकाने. लंडनमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा सिडनीत रात्रीचे 8 झालेले असतात.

29 मार्चला, मार्चच्या शेवटच्या रविवारी, लंडन घड्याळ पुढे करतं. सिडनीचा उन्हाळा कागदोपत्री अजून चालूच आहे, म्हणून फरक एका तासाने कमी होऊन दहावर येतो. पुढच्याच रविवारी, 5 एप्रिलला, सिडनी आपलं घड्याळ मागे घेते आणि फरक नऊ तासांचा होतो. इथून पुढे जवळजवळ सहा महिने शांतता.

4 ऑक्टोबरला, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, सिडनी पुन्हा पुढे जाते. लंडन अजून उन्हाळी वेळेवरच आहे, त्यामुळे फरक दहा तास. 25 ऑक्टोबरला लंडन मागे येतं आणि फरक परत अकरावर जातो.

म्हणजे वर्षात चार वेळा फरक बदलतो, दोनदा नाही. लोक गडबडतात ते इथेच. आपल्या शहरातला बदल सगळ्यांना आठवतो, कारण त्याची बातमी येते आणि एका रात्रीची झोप इकडेतिकडे होते. समोरच्या शहरातला बदल मात्र आपल्या एखाद्या साध्या शनिवारी-रविवारी होऊन जातो आणि सोमवारी कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा फोनवर येतं.

बऱ्याच ठिकाणी फरक "दहा तास" असा दिलेला असतो. ते चूक आहे का?

ती दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळेतली वजाबाकी आहे: लंडन शून्य, सिडनी दहा. गणित बरोबर आहे, पण त्यातली गंमत अशी की ही दोन शहरं एकाच वेळी प्रमाणवेळेवर कधीच नसतात. एकही दिवस नाही.

कारण दोघांच्या उन्हाळी वेळेचा काळ मिळून वर्षाहून मोठा झाला आहे. लंडनची उन्हाळी वेळ 2026 मध्ये 210 दिवस चालते आणि सिडनीची एका हंगामात साधारण 182 दिवस. बेरीज वर्षापेक्षा जास्त होते, तेव्हा दोन्ही काळ एकमेकांवर थोडे चढणारच. लंडन पुढे गेल्यावरच सिडनी मागे येते आणि सिडनी पुढे गेल्यावरच लंडन मागे येतं. प्रमाणवेळ सोडायला दोघंही घाई करतात आणि तिच्याकडे परतायला दोघंही उशीर.

म्हणून दहा तासांचा फरक दिसतो तो दोघं उन्हाळी वेळेवर असतात तेव्हाच, म्हणजे दोन्हीकडे एकेक तास वाढवलेला असताना. 2026 मध्ये असे दिवस 28 आहेत. नऊ तासांचे 182 आणि अकरा तासांचे 155. एखाद्या तक्त्यावर विसंबून कायम दहा तास धरणारा माणूस वर्षातले अकरा महिने चुकतो.

हा मधला काळ दरवर्षी इतकाच असतो का?

लंडन आणि सिडनीच्या बाबतीत मार्च-एप्रिलमधला सांधा नेहमी बरोबर एका आठवड्याचा असतो, कारण मार्चचा शेवटचा रविवार आणि एप्रिलचा पहिला रविवार हे लागोपाठचेच रविवार. ऑक्टोबरातला सांधा महिन्यात रविवार किती आले यावर ठरतो: चार आले तर तीन आठवडे, पाच आले तर चार.

अमेरिकेशी संबंध असेल तर सांधा मोठा होतो. अमेरिका 2007 पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. 2026 मध्ये या तारखा 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर आहेत. न्यूयॉर्क आणि सिडनीतला फरक जानेवारीत सोळा तास, 8 मार्चपासून पंधरा, 5 एप्रिलपासून चौदा, 4 ऑक्टोबरपासून पुन्हा पंधरा आणि 1 नोव्हेंबरपासून सोळा. इथे मधला काळ दोन्ही वेळा चार आठवडे आहे, म्हणजे तो अपवाद म्हणून सोडून देण्याइतका छोटा राहत नाही.

बदल रविवारी पहाटे होतो म्हणतात. पण कोणाच्या पहाटे?

प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी आहे. युरोपात घड्याळ बदलणारे जवळजवळ सगळे देश एकाच क्षणी, यूटीसीच्या पहाटे 1 वाजता बदलतात. अमेरिकेत प्रत्येक विभाग स्वतःच्या घड्याळात पहाटेचे 2 वाजले की बदलतो, त्यामुळे बदल पूर्वेकडून पश्चिमेकडे तासातासाने सरकत जातो. सिडनी ऑक्टोबरात पहाटे 2 चे 3 करते आणि एप्रिलमध्ये पहाटे 3 चे 2.

सिडनीतले हे दोन्ही क्षण यूटीसीत आदल्या दिवशीचे, शनिवारचे 16:00 असतात. तेव्हा लंडन उन्हाळी वेळेवर असतं, म्हणून तिथे शनिवार संध्याकाळचे 5 वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये शनिवारचे दुपारचे 12. एप्रिलमधल्या त्या शनिवारी लंडनहून सिडनीला संध्याकाळी साडेचारला फोन केला तर फरक दहा तास, आणि साडेपाचला केला तर नऊ. दोन्ही फोन सिडनीत पहाटे अडीचलाच वाजतील.

फरक वाढणार की कमी होणार, हे तारखा न पाहता ओळखता येतं का?

येतं. दक्षिणेकडचं शहर उत्तरेकडच्या शहराच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, एवढंच पाहायचं. पूर्वेकडचं घड्याळ आधीच पुढे असतं. ते आणखी पुढे गेलं तर दोघांतलं अंतर वाढतं आणि मागचं पुढे आलं तर कमी होतं.

सिडनी लंडनच्या पूर्वेला आहे, म्हणून दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, फरक सर्वांत जास्त. चिलीची राजधानी सांतियागो लंडनच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे हेच उलटं होतं. चिलीची प्रमाणवेळ यूटीसीच्या चार तास मागे आणि उन्हाळी वेळ तीन तास मागे. जानेवारीत लंडन शून्यावर आणि सांतियागो उणे तीनवर, फरक तीन तास. जुलैत लंडन अधिक एकवर आणि सांतियागो उणे चारवर, फरक पाच. ज्या महिन्यांत लंडनला सिडनी सर्वांत लांब वाटते, नेमकं त्याच महिन्यांत सांतियागो सर्वांत जवळ असतं.

सांतियागोचंच आणखी एक उदाहरण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत चांगलं वाटतं. न्यूयॉर्क आणि सांतियागो जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, एक 74 अंश पश्चिमेला आणि दुसरं सुमारे 71 अंशांवर. दोन्हीकडे सूर्य डोक्यावर येण्याच्या क्षणांत पंधरा मिनिटांचंही अंतर नाही. तरी जानेवारीत सांतियागोचं घड्याळ दोन तास पुढे असतं. 8 मार्चला न्यूयॉर्क पुढे गेल्यावर फरक एक तास उरतो. 5 एप्रिल उजाडताना चिली मागे येते आणि फरक शून्य होतो: दोन्ही शहरांत एकच वेळ. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मध्यरात्री चिली पुन्हा पुढे जाते तेव्हा एक तास, आणि 1 नोव्हेंबरपासून पुन्हा दोन. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 अशी दोन्हीकडची कचेरी धरली, तर जूनमध्ये आठही तास जुळतात आणि जानेवारीत सहाच.

दर आठवड्याची बैठक कोणाच्या घड्याळावर ठरवावी?

बहुतेक लोक न ठरवताच ठरवतात. ज्याने निमंत्रण पाठवलं त्याच्या शहरावर बैठक बांधली जाते आणि समोरच्याला दोन तासांचा हेलकावा एकट्याने सोसावा लागतो. समजा बैठक लंडनच्या सकाळी 9 ला बांधली. सिडनीत ती जुलैत संध्याकाळी 6 ला होते, मधल्या काळात 7 ला आणि जानेवारीत रात्री 8 ला. उलट सिडनीच्या संध्याकाळी 6 ला बांधली तर लंडनवाल्यांना जुलैत 9, मग 8 आणि जानेवारीत सकाळी 7 वाजता, अंधारात, हजर व्हावं लागतं.

तिसरा मार्ग म्हणजे यूटीसीवर बांधणं. 08:00 यूटीसी ठरवलं तर लंडनमध्ये उन्हाळ्यात 9 आणि हिवाळ्यात 8 वाजतात. सिडनीत त्यांच्या हिवाळ्यात 6 आणि उन्हाळ्यात 7. दोन तासांचा हेलकावा दोघांत एकेक तास असा वाटला जातो. शिवाय आपली बैठक हलते ती आपलंच घड्याळ हललं की, समोरच्याचं हललं म्हणून नाही. त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. अडचण एवढीच, की लोक यूटीसीत विचार करत नाहीत आणि "आपली बैठक 8 यूटीसीला" हे वाक्य हिवाळा आला की कोणालाच आठवत नाही. कॅलेंडरमध्ये कार्यक्रमाचा वेळविभाग म्हणून यूटीसी निवडून ठेवला की हे काम कॅलेंडर करतं.

कुठलाही मार्ग घेतला तरी या दोन शहरांचे कचेरीचे तास एकमेकांवर येत नाहीतच. नऊ तासांच्या फरकातही लंडनचे 9 वाजतात तोवर सिडनीची कचेरी सुटून तास झालेला असतो. अकरा तासांच्या फरकात तीन तास. जुलैत लंडनने जरा लवकर सुरू केलं आणि सिडनी जरा उशिरापर्यंत थांबली की जमून जातं. जानेवारीत कोणालातरी घरूनच बोलावं लागतं.

निमंत्रणावर AEST लिहिलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवावा का?

जानेवारीत लिहिलं असेल तर विचारून घ्या. AEST म्हणजे पूर्व ऑस्ट्रेलियाची प्रमाणवेळ, यूटीसीच्या दहा तास पुढे. AEDT म्हणजे उन्हाळी वेळ, अकरा तास पुढे. सिडनीत जानेवारीत AEDT चालू असते, पण सवयीने लोक वर्षभर AEST लिहितात. शब्दशः घेतलं तर "6 वाजता AEST" म्हणजे जानेवारीत सिडनीच्या भिंतीवरच्या घड्याळातले 7. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक 6 च असतात. पण तो ब्रिस्बेनचा असेल तर अक्षरशः बरोबर लिहीत असतो, कारण क्वीन्सलँड वर्षभर AEST वरच राहतं. शहराचं नाव लिहिलं की हा घोळ संपतो.

ऑकलंड आणि लॉस एंजेलिसमधला फरक उत्तरेकडच्या उन्हाळ्यात कमी होतो की वाढतो?

दोन्ही म्हणता येईल, आणि म्हणूनच इथे लोक वाद घालतात. जानेवारीत लॉस एंजेलिस यूटीसीच्या आठ तास मागे आणि ऑकलंड तेरा तास पुढे. फरक एकवीस तास. जुलैत सात मागे आणि बारा पुढे, म्हणजे एकोणीस. फरक कमी झाला.

पण रोजच्या बोलण्यात कोणी "एकवीस तास पुढे" म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषेपलीकडे वार बदलतो, म्हणून लोक म्हणतात, "ऑकलंड तीन तास मागे, पण पुढचा दिवस." लॉस एंजेलिसमध्ये मंगळवारी दुपारचे 3 असतील तर जानेवारीत ऑकलंडला बुधवारी दुपारचे 12 वाजलेले असतात. जुलैत त्याच वेळी तिथे बुधवारी सकाळचे 10. या पद्धतीने मोजलं तर तीनाचे पाच झाले, म्हणजे फरक वाढला. हिशोब एकच आहे, चोविसातून वजा करून वाचलेला. फोन कधी करायचा हे ठरवायला दुसरी पद्धत बरी. कोणती घटना आधीची हे ठरवायला पहिलीच वापरावी.

दक्षिण गोलार्धातले सगळेच देश घड्याळ बदलतात का?

नाही, आता फार थोडे उरले आहेत. न्यूझीलंड, चिलीचा बहुतेक भाग आणि ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग: न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि राजधानीचा प्रदेश. क्वीन्सलँडने 1992 च्या सार्वमतात नकार दिला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये. उरुग्वेने 2015 मध्ये ही पद्धत सोडली, नामिबियाने 2017 मध्ये, ब्राझीलने 2019 मध्ये. पॅराग्वेने 2024 पासून उन्हाळी वेळच कायमची केली.

भूगोल पाहिला तर यात नवल नाही. दक्षिण गोलार्धातली बरीचशी वस्ती विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहे आणि तिथे दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही. सरकवायला जादा उजेडच नसेल तर घड्याळाला हात लावायचं कारण उरत नाही.

जो देश घड्याळ बदलत नाही त्याच्याशी फरक एकाच तासाने हलतो. लंडन आणि ब्रिस्बेनमध्ये तो जुलैत नऊ आणि जानेवारीत दहा. एक अपवाद मुद्दाम सांगण्यासारखा: ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाऊ बेट घड्याळ फक्त अर्ध्या तासाने सरकवतं, साडेदहावरून अकरावर. त्यामुळे लंडनशी त्याचा फरक जुलैत साडेनऊ आणि जानेवारीत अकरा तास.

प्रोग्राम लिहिताना यात नेमकं काय चुकतं?

सर्वांत नेहमीची चूक उत्तरेत बसून लिहिलेल्या कोडमध्ये सापडते. उन्हाळी वेळ चालू आहे का, हे तपासायला `start <= now < end` अशी अट घातलेली असते. उत्तरेत ती चालते, कारण मार्च हा ऑक्टोबरच्या आधी येतो. सिडनीची उन्हाळी वेळ ऑक्टोबरात सुरू होऊन नवीन वर्ष ओलांडते आणि एप्रिलमध्ये संपते. एकाच वर्षातल्या तारखा घेतल्या तर `start` हा `end` च्या नंतर येतो आणि अट कधीच खरी होत नाही. लक्षण असं, की सिडनीची वेळ जूनमध्ये अचूक दिसते आणि डिसेंबरात एक तास मागे. जूनमध्ये चाचणी घेणाऱ्याला काही कळतच नाही.

दुसरी चूक म्हणजे वेळविभागाऐवजी `+11:00` असा आकडा साठवून ठेवणं. तो आकडा त्या एका क्षणापुरता खरा असतो. पुढच्या जुलैतल्या बैठकीसाठी तो वापरला की तासाचा घोळ ठरलेला. साठवायचं ते `Australia/Sydney` हे नाव. त्या नावामागचे नियम आयएएनएच्या वेळविभाग डेटाबेसमध्ये असतात आणि तो वर्षातून अनेकदा अद्ययावत होतो. पायथॉनमध्ये चारही टप्पे असे तपासता येतात:

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo

lon, syd = ZoneInfo("Europe/London"), ZoneInfo("Australia/Sydney")
for m, d in [(1, 15), (3, 31), (7, 15), (10, 15)]:
    t = datetime(2026, m, d, 9, 0, tzinfo=lon)
    print(t.date(), t.astimezone(syd).strftime("%H:%M"))
```

उत्तर 20:00, 19:00, 18:00 आणि 19:00 असं यायला हवं. मधल्या काळातली एक तारीख, इथे 31 मार्च, चाचणीत मुद्दाम ठेवावी. जानेवारी आणि जुलै बरोबर येऊनही तिथे चुकणारे प्रोग्राम असतात.

तारखा एकदा पाठ केल्या की झालं, असं का नाही?

कारण त्या सरकार ठरवतं आणि सरकार त्या बदलतं. सिडनी ऑलिंपिकसाठी 2000 मध्ये न्यू साउथ वेल्स आणि शेजारच्या काही राज्यांनी उन्हाळी वेळ ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीच सुरू केली. मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी 2006 मध्ये तिचा शेवट एक आठवडा लांबवला. चिलीत 2022 मध्ये राज्यघटनेवरचं सार्वमत 4 सप्टेंबरला होतं. मतदानाच्याच पहाटे घड्याळ बदलू नये म्हणून बदल आठवडाभर पुढे ढकलला, आणि ते जाहीर झालं जेमतेम महिनाभर आधी. ज्या फोनना नवीन नियम पोहोचले नाहीत त्यांनी जुन्याच तारखेला तास पुढे केला. फोन आणि भिंतीवरचं घड्याळ जुळेना झालं की आधी फोनवरच संशय घ्यावा, ही वेळ अशाच आठवड्यांत येते.

विमानांच्या वेळांचं काय होतं?

तिकिटावर दोन्ही टोकांची स्थानिक वेळ छापलेली असते, म्हणून प्रवाशाला वेगळं काही करावं लागत नाही. डोकेदुखी असते विमान कंपन्यांना. जगभरातलं वेळापत्रक उत्तरेच्या हिशोबाने दोन हंगामांत विभागलेलं आहे: मार्चच्या शेवटच्या रविवारी एक सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुसरा. सिडनीचे बदल या हंगामांच्या सांध्यावर पडत नाहीत, थोडे बाजूला पडतात.

त्यात सिडनीच्या विमानतळावर रात्री 11 ते सकाळी 6 उड्डाणबंदी असते, मोजके अपवाद सोडून. सिंगापूरचं घड्याळ वर्षभर एकच. तिथून रात्री निघून 4 एप्रिलला सकाळी 6:10 ला सिडनीत उतरणारं विमान दुसऱ्या रात्रीही त्याच वेळी निघालं, तर 5 एप्रिलला सिडनीत पोहोचेल 5:10 ला, म्हणजे बंदीच्या वेळेत. म्हणून त्याला सिंगापूरहून तासभर उशिरा सोडावं लागतं आणि पुढची जोडविमानंही त्या हिशोबाने बसवावी लागतात.

एका बाजूने ही पद्धत सोडली तर फरकाचं काय होतं?

ब्राझीलमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. 2019 पर्यंत साओ पाउलो आणि लंडनमधला फरक दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात दोन तास असे, उत्तरेकडच्या उन्हाळ्यात चार, आणि मधल्या काळात तीन. ब्राझीलने घड्याळ हलवणं थांबवल्यावर दोन तासांचा टप्पा नाहीसा झाला. आता लंडन हिवाळी वेळेवर असताना तीन तास आणि उन्हाळी वेळेवर असताना चार. वर्षातले चार बदल दोनवर आले आणि ते दोन्ही लंडनच्या तारखांना होतात, म्हणजे साओ पाउलोतल्या माणसाला आता परक्या देशाच्या रविवारांवर लक्ष ठेवावं लागतं. स्वतःचं घड्याळ न हलवताही त्याची लंडनशी असलेली बैठक मार्चच्या अखेरीस तासभर आधी येते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा तासभर उशिरा होते.